थंडीत बॅटरी कमी चालते, पण नेमकी किती कमी?

मानेवाड्याकडे माझ्या मावसभावाची अभ्यासिका आहे. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं तिथे रात्रभर बसतात. म्हणून गच्चीवर टिनाच्या शेडमध्ये इन्व्हर्टर आहे आणि त्याला १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे २४ व्होल्टची जोडी. जानेवारीत एका रात्री पाऊण वाजता ट्रान्सफॉर्मर गेला आणि पहाटे साडेपाचला अभ्यासिकेतही अंधार झाला. पावणेपाच तास.

सकाळी त्याचा फोन आला. "दादा, बॅटरी बसली माझी. दीड वर्षापूर्वी मे महिन्यात पंख्यांसकट पाच तास चालली होती. आता पंखे बंद, नुसते लाइट, तरी पावणेपाचच! बॅटरीवाला म्हणते थंडीनं होते, चालायचंच. काऊन बाप्पा, नागपूरची थंडी काय काश्मीरसारखी असते?"

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. थंडीत लेड-ॲसिड बॅटरी कमी चालते, यात शंका नाही. पण "थंडीनं होते" हे उत्तर आकड्याशिवाय अर्धवट आहे. किती टक्के थंडीनं आणि किती टक्के दुसऱ्या कशानं, हे वेगळं काढता येतं. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, तिथे हा हिशोब रोजचाच. अभ्यासिकेच्या बॅटरीवर तो करून दाखवतो.

आधी लेबलापासून सुरू करू. १५० एएच हा आकडा मोठ्या अक्षरात असतो, त्याच्या शेजारी बारीक अक्षरात C20 आणि २७ अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असतं. त्या बारीक अक्षरांचा अर्थ असा, की बॅटरीतलं ॲसिड २७ अंशांवर असताना वीस तास चालेल इतक्या हळू, म्हणजे साडेसात अँपिअरने वीज काढली, तर १५० अँपिअर-तास मिळतील. जास्त वेगानं काढाल तर कमी मिळतील आणि ॲसिड गार असेल तरीही कमी मिळतील. काही देशांत हेच मोजमाप २० किंवा २५ अंशांवर करतात. आपल्याकडे २७ चा प्रघात आहे. तेव्हा १५० हा आकडा बॅटरीच्या अंगचा पक्का गुण नाही, तो एका ठरावीक परिस्थितीतला निकाल आहे.

आता गार ॲसिडानं नेमकं काय होतं ते पाहू. बॅटरीच्या सेलमध्ये शिशाच्या प्लेटा असतात आणि त्यांच्यावरचा वीज देणारा माल भरीव नसतो, स्पंजासारखा सच्छिद्र असतो. सल्फ्युरिक ॲसिड त्या बारीक छिद्रांत शिरलेलं असतं आणि वीज तयार होण्याची रासायनिक क्रिया मुख्यतः तिथेच, छिद्रांच्या भिंतींवर होते. या क्रियेत ॲसिड खर्ची पडतं आणि पाणी तयार होतं. म्हणजे लोड लागल्याबरोबर छिद्रातलं ॲसिड पातळ व्हायला लागतं. बाहेर, प्लेटांच्या मधल्या जागेत, दाट ॲसिड भरपूर असतं. ते आत झिरपत राहिलं, तर वीज मिळत राहते.

थंडीत ॲसिड घट्ट होतं. खोबरेल तेलासारखं गोठत नाही (चार्ज असलेल्या बॅटरीतलं ॲसिड गोठेल इतकी थंडी नागपूरला पडणार नाही), पण काकवीसारखं जडावतं. आत झिरपण्याचा वेग मंदावतो. शिवाय गार ॲसिडातून वीज वाहायला विरोधही जास्त होतो. गोडाऊन मालानं भरलेलं आहे, पण दारातून गाडी लवकर निघत नाही, अशी अवस्था होते. छिद्रं उपाशी राहतात, बॅटरीचा व्होल्टेज घसरतो आणि इन्व्हर्टरला व्होल्टेजच दिसतो. एका बॅटरीमागे व्होल्टेज साडेदहाच्या आसपास उतरला की तो "बॅटरी संपली" म्हणून हात वर करतो. माल आत शिल्लक असतानाच शटर पडतं.

हे खरं आहे का, ते घरीच पाहता येतं. थंडीत इन्व्हर्टर बंद पडल्यावर बॅटरीला तासभर हात लावू नका. मग मल्टिमीटर लावून पाहा. व्होल्टेज बराच वर आलेला दिसेल आणि एखादा छोटा दिवा त्यावर आणखी काही वेळ आरामात चालेल. त्या तासाभरात बाहेरचं ॲसिड छिद्रांत शिरलेलं असतं. थंडीनं वीज "खाल्ली" असती, तर ती अशी परत आली नसती. मात्र हा प्रयोग एकदाच करा आणि लगेच बॅटरी चार्जिंगला लावा. रिकामी बॅटरी तशीच ठेवणं तिच्यासाठी थंडीपेक्षा वाईट.

यातून आणखी एक गोष्ट कळते. घाई जितकी जास्त, तितका थंडीचा फटका जास्त. हळू काढलेल्या विजेला ॲसिड झिरपायला वेळ मिळतो. म्हणून शेतावर रात्रभर एक दिवा जाळणाऱ्या बॅटरीला थंडी फारशी कळत नाही, आणि तासाभरात सगळी वीज ओढून घेणाऱ्या बॅटरीला ती चांगलीच कळते. हिशोबासाठी दोन आकडे ध्यानात ठेवले तरी पुरतात. तीन तासांहून जास्त चालणाऱ्या लोडला दर अंशामागे ०.६ टक्के, आणि तासाभरात संपवणाऱ्या लोडला दर अंशामागे १ टक्का. मधल्या लोडला मधला आकडा घ्या. हे ढोबळ आकडे आहेत. कंपनीच्या माहितीपत्रकात त्या मॉडेलचा तक्ता असेल, तर तोच वापरावा. पण आपल्याकडच्या १० ते ४० अंशांच्या टप्प्यात हे आकडे फार चुकवत नाहीत.

साधारण असं सूत्र मांडता येईल:

२७ अंशांवरची क्षमता = मिळालेले अँपिअर-तास ÷ [१ − ०.००६ × (२७ − ॲसिडचं तापमान)]

ॲसिड १५ अंशांवर असेल, तर फरक १२ अंशांचा. कंसातला आकडा १ − ०.०७२, म्हणजे ०.९२८. थोडक्यात, निरोगी बॅटरी १५ अंशांवर सावकाश चालवली, तर २७ अंशांच्या मानानं जवळपास ९३ टक्के देते. सात टक्के थंडीचे.

भाऊ म्हणाला, "फक्त सात? मला तर लय कमी वाटली."

वाटण्याचं कारण आहे. माणूस जानेवारीतल्या बॅटरीची तुलना लेबलाशी करत नाही, मे महिन्यातल्या आठवणीशी करतो. मेमध्ये त्या शेडमध्ये बॅटरी ४० अंशांवर असते आणि तेव्हा ती लेबलापेक्षा जास्त देत असते. हाच हिशोब उलटा. ४० पासून १५ पर्यंत पंचवीस अंश, म्हणजे सावकाश लोडलाही पंधरा टक्के, आणि जलद लोडला पंचवीस टक्के. नागपूरकराला थंडीतला फरक डोळ्यात भरतो, तो थंडी कडक असल्यामुळे नाही, उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातलं अंतर मोठं असल्यामुळे. इथे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता आणि मे महिन्यात तो ४५ च्या वर जाणं नेहमीचं.

पण ३.५ किंवा १० हा आकडा थेट सूत्रात घालायचा नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. बातम्यांतलं किमान तापमान हवेचं असतं, आपल्याला ॲसिडचं हवं. पाणी भरलेली १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या पुढे जाते. एवढं ओझं रात्रीतून गार होत नाही आणि दुपारीही लगेच तापत नाही. दिवसा २८ आणि रात्री १० असं हवामान असेल, तर बॅटरी त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी रेंगाळते. पहाटे हवा १० अंशांवर होती, तेव्हा भावाच्या शेडमधल्या बॅटरीचं ॲसिड १५ वर होतं. जिन्याखाली, घरात ठेवलेली बॅटरी असती, तर ते वीसच्या आसपास असतं आणि थंडीचा भाग चार-पाच टक्क्यांवरच थांबला असता. मोजायला काचेचा अल्कोहोलचा थर्मामीटर घ्या (लाल रंगाचा, पाऱ्याचा नको, फुटला तर पारा बॅटरीत जाईल), मधल्या एका सेलचं झाकण काढून ॲसिडात बुडवा आणि दोन मिनिटांनी वाचा. सेल उघडत नसेल अशा सीलबंद बॅटरीत थर्मामीटरचं टोक बॅटरीच्या बाजूला, मध्यावर चिकटपट्टीनं लावून वरून कापसानं झाका. अंशभर इकडे-तिकडे होईल, चालतं.

आता भावाच्या तक्रारीकडे. लाइट, राउटर, सगळं मिळून ३२० वॉटचा लोड. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून बॅटरीतून सुमारे १५.७ अँपिअर निघत होते. त्याच्या बॅटरीच्या माहितीपत्रकात दहा तासांच्या दरानं १३० अँपिअर-तास दिले होते (लेबलावरचे १५० वीस तासांच्या दराचे, हा फरक थंडीचा नाही, घाईचा). म्हणजे नवी बॅटरी २७ अंशांवर सव्वाआठ तास चालायला हवी. १५ अंशांवर त्यातले ९३ टक्के, म्हणजे सात तास चाळीस मिनिटं. आणि चालली पावणेपाच. थंडीनं फक्त पस्तीस मिनिटं खाल्ली होती. उरलेले तीन तास दुसऱ्या कुणीतरी नेले होते, आणि बॅटरीवाला ते सगळे थंडीच्या खात्यावर मांडत होता.

पहिला संशय चार्जिंगचा. बॅटरी पूर्ण भरलीच नसेल, तर पुढची तपासणी फुकट. यासाठी हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीवाल्यांच्या भाषेत "ग्रॅव्हिटी" पाहायची काचेची नळी. ॲसिड जितकं दाट, तितका तरंगणारा काटा वर. पूर्ण चार्ज बॅटरीची ग्रॅव्हिटी त्याच्या पुस्तिकेत १.२४० दिली होती. तोंडी "बाराशे चाळीस" म्हणतात.

इथे थंडी एक फसवणूक करते. गार ॲसिड आकसतं, म्हणून तेच ॲसिड गार असताना जास्त दाट दिसतं. हायड्रोमीटर खोटं बोलत नाही, पण गार ॲसिडाची खरी घनता सांगतो, आणि आपल्याला ती २७ अंशांची हवी असते. म्हणून २७ च्या खाली दर अंशामागे ०.०००७ वजा करायचे, वर असेल तर तेवढेच मिळवायचे. बारा अंशांच्या फरकाला साधारण ०.००८ होतात.

विजेचं काम होऊन रात्री लाइन आली, दिवसभर चार्जिंग झालं, इन्व्हर्टरवर "फुल" चा हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी ग्रॅव्हिटी घेतली. पहिल्या बॅटरीचे सेल १.२३४ च्या आसपास, दुसरीचे १.२२६. दुरुस्ती न करता पाहिलं, तर पहिली "जवळजवळ फुल" आणि दुसरी "जरा कमी" वाटते. आठ वजा केले, की पहिली १.२२६ आणि दुसरी १.२१८. या बॅटरीत पूर्ण भरल्यापासून रिकामी होईपर्यंत ग्रॅव्हिटी साधारण १.२४० वरून १.११० पर्यंत येते, म्हणजे १३० घरं. दुसरी बॅटरी त्यातली २२ घरं खाली होती. सतरा टक्के रिकामी, आणि वर हिरवा दिवा!

(मल्टिमीटरनं हे दिसलं नसतं का, असं कुणी विचारेल. लोड नसताना बॅटरीचा व्होल्टेज तापमानानं जवळपास बदलत नाही. पंधरा अंशांच्या फरकाला जेमतेम दोन शतांश व्होल्ट. म्हणून गार बॅटरीची कमजोरी विश्रांतीतल्या व्होल्टेजवरून ओळखू येत नाही. आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज काही तास उगाच फुगलेला असतो.)

बॅटरी अपुरी का भरली? याचंही मूळ थंडीतच आहे, पण ही थंडी आधीच्या थंडीपेक्षा वेगळी. चार्जिंगची क्रियाही गारठ्यात मंदावते, आणि ती पूर्ण करायला चार्जरनं जास्त व्होल्टेज लावावा लागतो. सहा सेलच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०३ व्होल्ट. २५ अंशांवर १४.४ व्होल्ट लागत असतील, तर १५ अंशांवर १४.७ हवेत. उलट मे महिन्यात ४० अंशांवर १३.९५ पुरेत, त्यापेक्षा जास्त लावले तर पाण्याचा वायू होऊन ते उडतं आणि प्लेटा गंजतात. चांगल्या सोलर चार्ज कंट्रोलरना तापमानाची वायर असते, ते हा बदल आपोआप करतात. (ती वायर बॅटरीला चिकटलेली हवी. कंट्रोलरजवळ नुसती लोंबकळत ठेवली, तर कंट्रोलरच्या स्वतःच्या उष्णतेनं फसते.) घरगुती इन्व्हर्टरमध्ये बहुधा अशी वायर नसते. तो बारा महिने एकच व्होल्टेज लावतो.

भावाच्या इन्व्हर्टरवर चार्जिंगच्या शेवटी जोडीवर २८.० व्होल्ट दिसले, म्हणजे एका बॅटरीला १४.०. हवे होते १४.७. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा एक छोटा स्विच होता, एका बाजूला "फ्लॅट" आणि दुसऱ्या बाजूला "ट्यूब्युलर". तो "फ्लॅट" वर होता. भाऊ चिडला, "बसवणाऱ्यानं चुकवलं!" पण जोडी बसवली होती मे महिन्यात आणि मेच्या तापमानाला १४.० बरोबरच बसतात. त्या माणसानं तेव्हाच्या बॅटरीकडे पाहून ठेवलं होतं की हात लागला तिथे ठेवलं होतं, कोण जाणे. स्विच "ट्यूब्युलर" कडे सरकवला, तर २९.० आले, एका बॅटरीला साडेचौदा. पुस्तिकेतल्या मर्यादेत होते, म्हणून मी पुढे गेलो. सीलबंद बॅटरीला असं करायचं नाही, तिची मर्यादा कमी असते आणि गेलेलं पाणी परत भरता येत नाही.

आता पूर्ण चार्ज झाला हे कधी मानायचं? हिरव्या दिव्यावरून नाही. चार्जिंग चालू असताना तासा-तासानं ग्रॅव्हिटी घ्यायची, आणि तापमानाची दुरुस्ती करून सलग तीन वेळा एकच आकडा आला, की भरली. पहिली बॅटरी १.२४० वर येऊन थांबली. दुसरी १.२३२ वर थांबली, पुढे हलेना. ती काही सांगत होती.

मग डिस्चार्ज टेस्ट. यासाठी मोठ्या मशीनची गरज नाही. ऑटो पार्ट्सच्या दुकानातून १२ व्होल्ट, ५५ वॉटचे गाडीच्या हेडलाइटचे सहा हॅलोजन बल्ब आणले, तीन-तीन समांतर जोडले. तीन मिळून साडेतेरा अँपिअरच्या आसपास ओढतात. बॅटऱ्या सुट्या केल्या, कारण जोडीत एक कमजोर असेल, तर चांगली बॅटरी तिला झाकते. प्रत्येकीला वेगळे बल्ब, आणि एकेक डीसी क्लॅम्प मीटर. डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, साधा क्लॅम्प एसीच मोजतो आणि इथे शून्य दाखवतो. शेडचं दार उघडं ठेवलं, कारण चार्जिंगनंतर काही काळ हायड्रोजन वायू आसपास असतो आणि ठिणगी नको. बल्ब चांगलेच तापतात, त्यांना विटेवर ठेवलं. वायर जोडायचं काम बॅटरीच्या टोकाशी नाही केलं, मधे स्विच घातला.

दर तासाला अँपिअर, व्होल्ट आणि ॲसिडचं तापमान वहीत लिहायचं. व्होल्ट बॅटरीच्या टर्मिनलवरच, लोड चालू असताना. बल्बाचा करंट व्होल्टेजबरोबर थोडा घटतो, म्हणून शेवटी सरासरी घ्यायची. साडेदहा व्होल्टला येताच त्या बॅटरीचा स्विच बंद. शेवटच्या अर्ध्या तासात डोळा मिटायचा नाही, कारण घसरण तेव्हा कड्यावरून पडल्यासारखी होते.

सकाळी सहाला सुरू केलं, ॲसिड १५ अंशांवर. ही वेळ मुद्दाम निवडली. दिवस वर आला तसं शेड तापायला लागलं, म्हणून टिनावर ओली पोती टाकली, आणि बॅटरी दिवसभर १५ ते १६ च्या पुढे गेली नाही. तापमान मधेच दहा अंशांनी वाढलं असतं, तर कुठला आकडा सूत्रात घालायचा हा प्रश्न आला असता.

दुसरी बॅटरी बारा चाळीसला साडेदहा व्होल्टला टेकली. सहा तास चाळीस मिनिटं, साडेतेराच्या सरासरीनं ९० अँपिअर-तास. पहिली दोन पन्नासपर्यंत चालली, आठ तास पन्नास मिनिटं, ११९ अँपिअर-तास.

भावानं लगेच मोबाइल काढला. ११९ भागिले १५० म्हणजे ७९ टक्के. ९० भागिले १५० म्हणजे ६०. "दादा, दोन्ही गेल्या."

ही चूक इतकी सहज होते, की मी त्याला दोष देत नाही. ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलायची, असा रिवाज आहे आणि ७९ हा आकडा त्या रेषेखाली पडतो. पण त्यानं गार बॅटरीचा, दहा तासांच्या दराचा निकाल, २७ अंशांच्या, वीस तासांच्या आकड्याशी ताडून पाहिला. आधी दर सारखा करायचा, म्हणजे १५० ऐवजी १३०. मग तापमान सारखं करायचं, म्हणजे ०.९२८ नं भागायचं. ११९ चे होतात १२८. १३० पैकी १२८, म्हणजे ९८ टक्के. पहिली बॅटरी ठणठणीत होती! दुसरीच्या ९० चे होतात ९७, म्हणजे ७५ टक्के. ती खरंच रेषेखाली गेली होती.

तापमानाची दुरुस्ती केली नसती, फक्त दर सारखा केला असता, तर दुसरी ६९ टक्के निघाली असती आणि पहिली ९२. निर्णय तोच राहिला असता. पण समजा, एखादी बॅटरी ७६ टक्के निघाली असती, तर? १५ अंशांवर मिळालेले ७६ टक्के म्हणजे २७ अंशांवरचे ८२. ती बॅटरी बदलायची नाही. आणि उन्हाळ्यात ४० अंशांवर ८४ टक्के देणारी बॅटरी? १.०७८ नं भागा, ७८ येतात. ती बदलायची. सीमेवरच्या बॅटरीचा निकाल कोणत्या महिन्यात टेस्ट केली यावर फिरतो, आणि दुरुस्ती नेमकी तिथेच कामाला येते. वॉरंटीसाठी भांडायला जाताना तर तापमान लिहिलेला कागद जवळ हवाच, नाहीतर समोरचा "थंडी आहे" म्हणून वाटेला लावतो.

आता पावणेपाच तासांचा पूर्ण हिशोब जुळतो. नवी जोडी २७ अंशांवर सव्वाआठ तास. थंडीमुळे सात चाळीस. जोडीतली कमजोर बॅटरी आधी संपते, आणि तिच्याबरोबर सगळी जोडी थांबते, म्हणून पावणेसहा. ती कमजोर बॅटरी सतरा टक्के रिकामी होती, म्हणून पावणेपाच. थंडीचे थेट पस्तीस मिनिटं, थंडीत न वाढवलेल्या व्होल्टेजमुळे एक तास, आणि उरलेले सुमारे दोन तास बॅटरीच्या म्हातारपणाचे. त्या म्हातारपणामागे बहुधा नागपूरचा उन्हाळाच. टिनाच्या शेडमध्ये ॲसिड महिनोन्‌महिने तापत राहतं, आणि ढोबळ नियम असा, की दर दहा अंशांच्या वाढीला बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. दुसरी बॅटरी शेडच्या पश्चिम भिंतीला लागून होती, दुपारचं ऊन तिच्याकडे. तिच्या दोन सेलमध्ये पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. उन्हाळ्यात ती जास्त द्यायची, म्हणून कुणाला कळलं नाही. जानेवारीनं ते उघडं पाडलं.

नवी बॅटरी घेताना "हिवाळ्यात पुरेल एवढी" हा हिशोबही याच सूत्रानं, फक्त उलट्या दिशेनं. भावाला थंडीत सहा तास पक्के हवे होते. १५.७ अँपिअर गुणिले सहा म्हणजे ९४ अँपिअर-तास. ते १५ अंशांवर हवेत, म्हणून ०.९२८ नं भागून १०१. बॅटरी म्हातारी होऊन ८० टक्क्यांवर आली तरी पुरावी, म्हणून पुन्हा ०.८ नं भागून १२६. दहा तासांच्या दरानं १३० देणारी त्याची आहे तीच साइज बरोबर होती. दुकानदार २०० एएच गळ्यात मारत होता, त्याची गरज नव्हती. एकीकडे नवी आणि दुसरीकडे जुनी लावायची नाही, हे खरं. पण पहिली ९८ टक्क्यांवर होती आणि तेच मॉडेल मिळत होतं, म्हणून आम्ही ती जोखीम घेतली. पंच्याऐंशीच्या खाली असती, तर दोन्ही बदलल्या असत्या.

नवी बॅटरी आल्यावर जोडी पश्चिम भिंतीपासून हलवून शेडच्या मधोमध, लाकडी फळीवर ठेवली. भावानं शेडच्या दारावर आतून खडूनं लिहिलं आहे: "मार्च संपला की मागचा स्विच फ्लॅटवर. दिवाळी झाली की ट्यूब्युलरवर." खाली बल्ब आणि थर्मामीटर ठेवलेला डबा आहे, आणि डब्यावर पोरांपैकी कुणीतरी पेनानं लिहिलंय, "हात लावू नये, दादाची लॅब."